चार्जर लावला की माइक-स्पीकर का गुणगुणतात? घरच्या घरी कारण शोधायची पद्धत

आजीच्या अहिराणी गोष्टी रेकॉर्ड करायच्या म्हणून मी यूएसबी माइक घेतला. अमळनेरच्या जुन्या भागातलं आमचं धाब्याचं घर, जाड मातीच्या भिंती. बाहेरचा आवाज आत येत नाही, म्हणजे जागा उत्तमच. पहिल्याच दिवशी तासभर रेकॉर्डिंग केलं आणि आजीला ऐकवायला बसले. दोन मिनिटं ऐकून ती म्हणाली, "माय, हाई काय वाजी ऱ्हायनं? चक्की चालू शे का?"

चक्की नव्हती. पंखा बंद होता, कूलर बंद होता. तरी तिच्या प्रत्येक वाक्याच्या मागे एक सलग 'घूंऽऽ' होतं. पुढचे पंधरा दिवस मी माइक बदलायच्या, केबल बदलायच्या, दुकानात परत द्यायच्या विचारात घालवले. दोष माइकमध्ये नव्हताच. तो भिंतीतल्या बोर्डात होता. तो सापडायला जी तपासणी लागली, ती योग्य क्रमाने केली तर एका दुपारचं काम आहे. तो क्रम इथे लिहिते आहे. यूएसबी माइक किंवा टेबलावरचे स्पीकर लॅपटॉपला जोडलेत आणि चार्जर लावल्यावर आवाज येतो, असं तुमचं दुखणं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

## काय काय हाताशी हवं

- लॅपटॉप, निदान अर्धा चार्ज असलेला
- रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी (मोफत मिळतं)
- चांगला हेडफोन
- तीन पिनांचा, अर्थ असलेला एक्स्टेन्शन बोर्ड
- निऑनचा साधा टेस्टर
- लहान लांबीची ३.५ एमएमची ऑडिओ केबल, स्पीकर असतील तर
- बोर्ड उघडायची वेळ आली तर वायरमन, मल्टीमीटरसकट

यातलं काही आत्ताच विकत आणायला धावू नका. पहिल्या तीन पायऱ्यांना खर्च शून्य आहे आणि बहुतेकांचं कारण तिथेच कळतं.

## १. आवाज ओळखा

'आवाज येतो' एवढ्यावर काही ठरत नाही. कोणता येतो ते आधी ऐका.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यामुळे होणारी गुणगुण खर्जातली असते, ५० किंवा १०० हर्ट्झवर. लांबून ट्रान्सफॉर्मर ऐकल्यासारखी. त्याच आवाजाला कडा असतील, 'घूं' ऐवजी 'किर्रर्र' वाटत असेल, तर त्यात १५०, २५०, ३५० असे वरचे पट्टेही मिसळलेले आहेत. तिसरा प्रकार बारीक शिट्टीचा. यूएसबी दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला १००० वेळा माहितीची खेप पाठवते, आणि त्या ठोक्याची चाहूल माइकच्या आतल्या विद्युतपुरवठ्यात लागली तर नेमकी १००० हर्ट्झची शिट्टी ऐकू येते. तिचं कारण अर्थिंग नसतं, त्यामुळे तिची गोष्ट सहाव्या पायरीत वेगळी येईल.

कानावर भरवसा नसेल तर ऑडॅसिटीत दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, ती निवडा आणि `Analyze` मधून `Plot Spectrum` उघडा. `Size` मध्ये `16384` ठेवा, म्हणजे खालचे सूर एकमेकांत मिसळत नाहीत. आलेखात सुळके कुठे आहेत ते पाहा आणि १०० हर्ट्झच्या सुळक्याची उंची कागदावर लिहून ठेवा. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये ती −५२ डीबी होती. उणे आकडा जितका मोठा, तितका आवाज कमी. हा आकडा पुढे प्रत्येक पायरीवर उपयोगी पडतो, कारण 'थोडं कमी झालं वाटतं' यावर अवलंबून राहावं लागत नाही. मधे माइकचा गेन मात्र हलवू नका, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडता येणार नाहीत.

इथे एक फसगत होते, खास करून आपल्या उन्हाळ्यात. कूलरची मोटर, फ्रिज, जुन्या ट्यूबलाइटचा चोक ही मंडळी खरोखरच १०० हर्ट्झच्या आसपास गुणगुणतात. तो आवाज हवेतून येतो आणि माइक तो इमानदारीने टिपतो. मग आपण वायरी बदलत बसतो. म्हणून तपासणी सुरू करण्याआधी या वस्तू एकेक करून बंद करून पाहा. गुणगुण बरीच कमी झाली तर ती खोलीतली आहे. तशीच राहिली तर ती विजेच्या वाटेने येते आहे.

## २. चार्जर काढा

सगळ्यात महत्त्वाची चाचणी हीच. रेकॉर्डिंग चालू ठेवा, हेडफोनवर ऐकत राहा आणि लॅपटॉपचा चार्जर लॅपटॉपच्या बाजूने उपटा. नुसतं बटण बंद करू नका. बटण बंद केलं तरी अर्थची तार जोडलेलीच राहते, आणि आपल्याला लॅपटॉप भिंतीपासून पूर्ण सुटा हवा आहे.

आवाज क्षणात गेला तर माइक चांगला आहे, लॅपटॉप चांगला आहे, केबलही चांगली आहे. दोष पुरवठ्याच्या किंवा अर्थिंगच्या बाजूला आहे. माझ्याकडे १०० हर्ट्झचा सुळका −५२ वरून −८१ वर गेला. माइक दुकानात परत न्यायचा विचार मी त्या क्षणी सोडला.

आवाज गेला नाही तर उरलेल्या वायरी एकेक करून काढा. यूएसबी हब, प्रिंटर, बाहेरचा मॉनिटर, स्पीकरची केबल, चार्जिंगला लावलेला फोन. लॅपटॉपला फक्त माइक आणि बॅटरी उरली तरी गुणगुण आहे, तर मग माइक जवळच्या एखाद्या वस्तूतून ती ओढतो आहे किंवा माइकच बिघडला आहे. दुसऱ्या खोलीत, भिंतीपासून दूर नेऊन पुन्हा पाहा.

डेस्कटॉप संगणकाला बॅटरी नसते, त्यामुळे ही चाचणी करता येत नाही. त्यांनी तोच माइक कुणाच्या तरी लॅपटॉपवर, बॅटरीवर चालवून पाहावा.

## ३. धातूला हात लावा

चार्जर पुन्हा लावा. गुणगुण परत येईल. आता माइकच्या धातूच्या अंगाला किंवा लॅपटॉपच्या उघड्या धातूला तळहात टेकवा आणि आवाज बदलतो का ऐका. चप्पल न घालता, फरशीवर पाय ठेवून केलं तर फरक आणखी कळतो.

हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर तुमचा लॅपटॉप अधांतरी आहे, त्याला जमीन मिळालेली नाही. तुमचं अंग तेवढ्यापुरती जमीन होतं. अशा लॅपटॉपवर उलट्या बोटाने हलकेच फिरवलं तर पत्रा खरबरीत, किंचित झिणझिणल्यासारखा लागतो. निऑन टेस्टर लॅपटॉपच्या उघड्या स्क्रूला लावला तर तो मंद पेटतो. आमच्याकडे दिवसा पेटलेला कळलाच नाही, रात्री दिवा घालवून पाहिला तेव्हा नारिंगी ठिपका दिसला.

हे का होतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. चार्जरच्या आत विजेचा खडखडाट बाहेर जाऊ नये म्हणून छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. तीन पिनांच्या चार्जरमध्ये एक फेजकडून अर्थकडे आणि एक न्यूट्रलकडून अर्थकडे. अर्थ जोडलेली असली की त्यांतून येणारा जरासा प्रवाह गुपचूप जमिनीत जातो. अर्थ तुटलेली असली की तो मधला बिंदू २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो आणि लॅपटॉपचा पत्राही त्याच्याबरोबर तरंगतो. दोन पिनांच्या चार्जरमध्ये अर्थ नसतेच. तिथे आत-बाहेर जोडणारा एक कपॅसिटर असतो, आणि तोही लॅपटॉपला असाच तरंगत ठेवतो. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर धरला तर २३० व्होल्टला ५० हर्ट्झवर त्यातून जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपिअर वाहतो. म्हणून झिणझिण्या येतात, पण झटका बसत नाही.

एवढासा प्रवाह माणसाला किरकोळ असला तरी माइकच्या आतल्या नाजूक भागाला किरकोळ नसतो. यूएसबीच्या केबलमधून आवाज आकड्यांच्या रूपात जातो, त्यामुळे वाटेत त्यात गुणगुण मिसळू शकत नाही. ती मिसळते माइकच्या आत, आवाज पकडणारी कॅप्सूल आणि आकडे तयार करणारी चिप यांच्या मधल्या इंचभर जागेत. सगळा माइकच जमिनीच्या तुलनेत सेकंदाला ५० वेळा खाली-वर होत असला की त्या इंचभरात तो ताल उमटतो. यूएसबी केबल बदलून माझी गुणगुण गेली नाही ती याचमुळे.

दोन पिनांचा चार्जर आणि हात लावल्यावर गप्प होणारा माइक, असं तुमचं असेल तर सोपा उपाय हा की रेकॉर्डिंग बॅटरीवर करा. माइकला वीज फार थोडी लागते, बॅटरीवर विशेष भार पडत नाही. त्याच लॅपटॉपसाठी कंपनीचा तीन पिनांचा चार्जर मिळत असेल तर तो घेतल्यानेही फरक पडतो, मात्र तिसऱ्या पिनेच्या मागे भिंतीत खरोखर अर्थ असली तरच.

## ४. भिंतीत अर्थ आहे का ते वायरमनकडून पाहून घ्या

माझा चार्जर तीन पिनांचा होता, सॉकेटला तीन भोकं होती. म्हणजे अर्थ आहेच, असं मी धरून चालले होते. हीच माझी सगळ्यात मोठी चूक.

वायरमन नाना आले. आधी त्यांनी मल्टीमीटरने सॉकेट तपासलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३४ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच यायला हवेत, तिथे मीटरचा आकडा कुठेच ठरेना. मग चार्जर लावून लॅपटॉपच्या स्क्रूपासून कूलरच्या पॉइंटच्या अर्थपर्यंत मोजलं, तर ९८ व्होल्ट. मेन स्विच पाडून त्यांनी बोर्ड उघडला. हिरवी तार आत होती, पण दुमडून, टेप गुंडाळून मागे सारलेली. सॉकेटच्या वरच्या मोठ्या पिनेला काहीच जोडलेलं नव्हतं.

"ताई, जुन्या घरात असंच असतं," नाना म्हणाले. "कूलरच्या अन् फ्रिजच्या पॉइंटला अर्थ देतात, लाइटच्या बोर्डाला कोण देतो?"

त्यांनी तार जोडली, मग अर्थच्या खड्ड्याकडे गेले. आपल्या भागातल्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात फुगते, एप्रिल-मेमध्ये भेगाळते. खड्ड्यातली माती पाइपपासून सुटली की तार जोडलेली असूनही जमिनीशी तिचा संबंध क्षीण होतो. आमच्या खड्ड्यात दोन उन्हाळे कुणी पाणी ओतलं नव्हतं. नानांनी चार बादल्या ओतल्या, पाइपवरचा गंजलेला नट घासून पुन्हा आवळला. पुन्हा मोजल्यावर फेज-अर्थ २३२ आले आणि न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्ट. मग त्यांनी फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून पाहिला, तो पूर्ण उजेडाने पेटला. नुसत्या मीटरला कमकुवत अर्थही चांगली दिसू शकते, बल्बाचा भार दिल्यावर खरं कळतं. हे काम तुम्ही करू नका. त्यात उघडी फेज हाताळावी लागते, आणि घरात गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारी आरसीसीबी असेल तर ती या चाचणीत पडणारच.

संध्याकाळी रेकॉर्ड केलं. चार्जर लावलेला असतानाही १०० हर्ट्झचा सुळका −७९.

या पायरीवर तीन गोष्टी कुणी सुचवल्या तरी करू नका, कारण त्यांत जीव जातो.

अर्थची पिन तोडू नका. तीन पिनांना दोन पिनांचं जोडणं लावलं की कधीकधी गुणगुण खरंच जाते, म्हणून हा सल्ला सर्रास दिला जातो. पण मग उपकरणाच्या आत फेज पत्र्याला टेकली तर फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही, पत्रा तसाच जिवंत राहतो.

सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडू देऊ नका. मीटरवर सगळं बरोबर दिसतं, टेस्टरही फसतो. ज्या दिवशी न्यूट्रल कुठेतरी सुटेल, त्या दिवशी त्या अर्थला जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर फेज येईल.

नळाच्या पाइपला अर्थ जोडू नका. आता निम्म्या वाटेत प्लास्टिकचा पाइप असतो. तार जमिनीपर्यंत पोचत नाही आणि नळ मात्र धोकादायक होतो.

## ५. माइक गप्प झाला, आता स्पीकर बोलू लागले

हे होईल, म्हणून आधीच सांगून ठेवते. अर्थ जोडल्यावर माझा माइक शांत झाला आणि त्याच रात्री स्पीकर घुमायला लागले.

माझे स्पीकर आत ॲम्प्लिफायर असलेले, तीन पिनांचे. टेबलाजवळ जागा नव्हती म्हणून त्यांची पिन पलीकडच्या भिंतीवर, कूलरच्या पॉइंटमध्ये. पूर्वी त्यांतून बारीक 'किर्रर्र' यायचं. लॅपटॉपला भिंतीतून जमीन मिळत नव्हती, त्यामुळे त्याचा तरंगता प्रवाह ऑडिओ केबलच्या आत तारेभोवती विणलेल्या जाळीतून स्पीकरकडे आणि तिथून कूलरच्या अर्थमध्ये उतरायचा. आता मला तेव्हा न उमगलेली एक गोष्टही कळली. स्पीकरची केबल जोडलेली असली की माइकची गुणगुण थोडी कमी व्हायची, आणि आवाज फिरून माइकमध्ये जाऊ नये म्हणून मी रेकॉर्डिंगच्या वेळी नेमकी तीच काढायचे!

अर्थ जोडल्यावर किर्र गेली आणि खोल 'घूं' आली. हाच ग्राउंड लूप. लॅपटॉपला एका बोर्डातून जमीन, स्पीकरला दुसऱ्या बोर्डातून जमीन, आणि दोघांमध्ये ऑडिओ केबलची जाळी. बोर्डापासून बोर्डापर्यंत भिंतीतून जाणारी अर्थची तार धरली तर हे एक मोठं वेटोळं झालं, अख्ख्या खोलीएवढं. घरातल्या वायरिंगभोवतीचं चुंबकीय क्षेत्र या वेटोळ्यात प्रवाह निर्माण करतं. शिवाय दोन बोर्डांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतोच. यूएसबीतून आकडे जातात, पण ३.५ एमएमच्या केबलमधून खरा आवाज जातो आणि त्याच जाळीचा आधार घेऊन जातो. जाळीत ५० हर्ट्झ आले की ते थेट आवाजात मिसळतात.

लूप आहे की स्पीकरच बिघडलाय, हे असं ओळखा. स्पीकर चालू ठेवून ऑडिओ केबल लॅपटॉपच्या बाजूने काढा. टोक कशालाही टेकू देऊ नका, हातही लावू नका, कारण हाताने टोकाला शिवलं की मोठ्ठा घुर्र होणारच आणि तो दोष नव्हे. केबल मोकळी असताना स्पीकर शांत, लॅपटॉपला जोडली की घूं, आणि लॅपटॉपचा चार्जर उपटला की पुन्हा शांत, तर लूपच. केबल काढूनही घूं चालूच असेल तर स्पीकरच्या आतला फिल्टर कपॅसिटर थकलाय. तो दुरुस्तीवाल्याकडे न्या.

उपाय फार साधा निघाला. लॅपटॉपचा चार्जर आणि स्पीकर, दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डात शेजारी शेजारी लावले. दोघांची अर्थ आता एकाच पट्टीवर भेटते, वेटोळं खोलीएवढं होतं ते टेबलाएवढं झालं. घूं पूर्ण गेली. दोन्हीचा भार मिळून ६ अँपिअरच्या बोर्डाला अगदीच थोडा आहे. फक्त कूलर किंवा इस्त्री त्याच बोर्डात लावू नका.

एक्स्टेन्शन बोर्ड घेताना तो उलटा करून पाहा. स्वस्त बोर्डांत तीन भोकं असतात पण केबल दोन तारांची असते, आणि पिनेवरचा तिसरा दांडा नुसता शोभेचा. असा बोर्ड घेतलात तर चौथ्या पायरीतली मेहनत वाया जाईल.

फोनवरून गाणी लावणाऱ्यांनाही असाच त्रास होतो. फोन चार्जिंगला, त्याची केबल स्पीकरला, आणि घरघर. चार्जर काढला की बंद. कारण बहुधा माझ्या आधीच्या 'किर्रर्र'चंच, दोन पिनांच्या चार्जरचा तरंगता प्रवाह केबलच्या जाळीतून स्पीकरकडे उतरतो.

## ६. वायरींची मांडणी

इथवर येऊन बहुतेकांचा आवाज गेलेला असतो. राहिलीच थोडी किरकिर तर टेबलाखाली पाहा.

माझ्या टेबलाखाली चार्जरची वीट, फोनचा चार्जर, ऑडिओ केबल आणि माइकची केबल यांचा एक गठ्ठा रबराने बांधलेला होता. नीटनेटका दिसावा म्हणून मीच बांधलेला. मी तो सोडवला. चार्जर टेबलाच्या डाव्या पायाकडे, ऑडिओ केबल उजवीकडून. जिथे एकमेकींना ओलांडणं भागच आहे तिथे त्या काटकोनात ओलांडतात, समांतर धावत नाहीत. चार्जरची वीट आणि माइक यांच्यात फूटभर अंतर ठेवलं. एवढ्या लहान वस्तूचं चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने घटतं, त्यामुळे दहा सेंटिमीटरवरून तीस सेंटिमीटरवर नेल्याचा फरक नुसत्या कानाला कळतो. फोनच्या जलद चार्जरलाही तेच अंतर द्या, आणि रेकॉर्डिंगपुरता तो काढलात तर आणखी बरं.

ऑडिओ केबल तीन मीटरची घेऊन उरलेली गुंडाळून ठेवण्यापेक्षा एक मीटरची घ्या. यूएसबी केबलची लांबी एवढी आड येत नाही, पण पाच मीटरच्या पुढे जाऊ नका.

बारीक शिट्टी असेल तर माइक हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा, शक्यतो दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये. शेजारच्या पोर्टमध्ये बाहेरची हार्डडिस्क फिरत असेल किंवा फोन चार्ज होत असेल तर तो काढा. डेस्कटॉपवर पुढच्या पोर्टऐवजी मागचा पोर्ट वापरून पाहा, तो थेट मदरबोर्डवर असतो.

केबलवर बसवायचे काळे फेराइटचे मणी लोक आवर्जून सुचवतात. ते फार वरच्या फ्रिक्वेन्सीचा खडखडाट अडवतात. ५० हर्ट्झच्या गुणगुणीला त्यांचा काही उपयोग नाही, त्यामुळे त्यासाठी पैसे घालू नका.

## ७. इन्व्हर्टरवर गेल्यावर येणारी किर्र

लाइट गेली, इन्व्हर्टर लागला आणि स्पीकर किर्र करू लागले, तर वरच्या कशालाच दोष देऊ नका. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची वीज गोलाईदार लहरीसारखी नसते, ती खटक्याने वर आणि खटक्याने खाली जाते. त्या प्रत्येक कड्यात वरच्या सुरांचा भरणा असतो आणि तो चार्जरच्या कपॅसिटरमधून सहज पलीकडे जातो. पंखाही त्या वेळी वेगळाच घुमतो, ती खूण. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास बराच कमी असतो. एवढ्यासाठी इन्व्हर्टर बदलायला मी सांगणार नाही. त्या वेळी चार्जर काढा आणि बॅटरीवर काम उरका. भारनियमनाच्या दिवसांत मी सकाळीच लॅपटॉप भरून ठेवते.

## ८. एकच बोर्ड शक्य नसेल तर

शाळेच्या हॉलमध्ये मला हीच अडचण आली. ॲम्प्लिफायर स्टेजवर, लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मधे पंधरा मीटर केबल. एका बोर्डात दोघं येणं शक्यच नव्हतं.

अशा ठिकाणी ऑडिओ केबलच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. ती एक छोटी डबी असते. आत एकास एक वेटोळ्यांचे दोन ट्रान्सफॉर्मर, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी एकेक. आवाज चुंबकीय वाटेने पलीकडे जातो, जाळीचा थेट धागा मात्र तुटतो. विजेची अर्थ दोन्हीकडे जशीच्या तशी राहते, म्हणून हा उपाय सुरक्षित आहे. स्वस्त डबीत खर्जातले सूर थोडे पातळ होतात. बोलण्याला त्याने काही बिघडत नाही, ढोल-डफाला जाणवतं. मोठ्या साउंड सिस्टिमवाल्याकडे डीआय बॉक्स असतो. त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण हेच काम करतं, ते दाबायला सांगा.

ही डबी यूएसबी माइकला लावता येत नाही. माइकसाठी यूएसबी आयसोलेटर वेगळा मिळतो, पण तो घेताना दोन गोष्टी पाहा. बाजारातले पुष्कळसे फक्त १२ मेगाबिटच्या जुन्या वेगाने चालतात. साध्या यूएसबी माइकला तो वेग पुरतो, पण जास्त वेग मागणारा ऑडिओ इंटरफेस त्यावर चालणार नाही. दुसरं, तो पलीकडे किती करंट देतो ते वाचा आणि माइकवर लिहिलेल्या मिलिअँपिअरशी ताडा. करंट कमी पडला तर माइक मधेच सुटतो. मला तो घ्यावा लागला नाही.

## रेकॉर्डिंग आधीच झालेलं असेल तर

गुणगुणीसकट झालेलं रेकॉर्डिंग टाकून देऊ नका. आजीची ती पहिली तासाभराची गोष्ट मी पुन्हा रेकॉर्ड करू शकले नाही, कारण दुसऱ्यांदा तिने ती वेगळीच सांगितली. ऑडॅसिटीत गोष्टीच्या आधीची दोन-तीन सेकंदांची शांतता निवडून `Noise Reduction` मध्ये `Get Noise Profile` दाबा, मग सगळं रेकॉर्डिंग निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडा आणि लावा. घट ६ ते १० डीबीच ठेवा. त्याहून जास्त खेचलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि म्हातारीच्या आवाजातला श्वास, मधला हुंकार आधी जातो. मी ८ वर थांबले. मागे गुणगुण अजून आहे, कान देऊन ऐकली तर. मूळ फाइल वेगळी जपून ठेवली आहे.